आतडे स्वादुपिंडाला काय सांगते

१९६४ साली लंडनमध्ये मॅकिन्टायर, होल्ड्सवर्थ आणि टर्नर या तीन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. एकाच माणसाला एकदा ग्लुकोज शिरेतून दिले आणि एकदा बारीक नळीने थेट लहान आतड्यात सोडले. दोन्ही वेळा रक्त काढून साखर आणि इन्शुलिन मोजले. शिरेतून दिलेल्या ग्लुकोजने रक्तातली साखर जास्त चढली, म्हणून इन्शुलिनही तेव्हाच जास्त यायला हवे होते. घडले उलटेच. ग्लुकोज आतड्यात गेले तेव्हा साखर कमी चढली आणि इन्शुलिन मात्र कितीतरी जास्त स्रवले.

त्याआधी हे कुणाला नेमके दिसणे शक्यच नव्हते, कारण रक्तातले इन्शुलिन विश्वासाने मोजण्याची पद्धत अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६०च्या सुमारास दिली. तोवर समज असा होता की स्वादुपिंड रक्तातली साखर पाहते आणि त्या मापाने इन्शुलिन सोडते. या प्रयोगाने दाखवले की स्वादुपिंडाला आणखी एक खबर मिळते, ती आतड्याकडून, आणि तिचे वजन मोठे असते. या जादा इन्शुलिनला ‘इन्क्रेटिन परिणाम’ म्हणतात. टाइप टू मधुमेहात हा परिणाम खालावतो. तो का खालावतो हे शोधत गेलो की आपण इन्शुलिन प्रतिरोधापाशी येऊन पोहोचतो. या दोन गोष्टी पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. शरीरात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

या खबरीची गरज काय, हे आधी पाहू. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे एक चमचा. भात, आमटी, दोन पोळ्या एवढ्या साध्या जेवणातून त्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त ग्लुकोज तासा-दोन तासांत रक्तात उतरते. तरीही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर १४०च्या खालीच राहते. साखर चढलेली दिसल्यावर मग इन्शुलिन सोडायचे, असा क्रम असता तर हे जमले नसते. अन्न आतड्याच्या अस्तराला लागताच तिथल्या काही विखुरलेल्या पेशी दोन संप्रेरके रक्तात सोडतात. जठराला लागून असलेल्या भागातल्या ‘के’ पेशींतून जीआयपी निघते, आणि मुख्यतः खालच्या आतड्यातल्या ‘एल’ पेशींतून जीएलपी-१. दोन्ही स्वादुपिंडातल्या बीटा पेशींपर्यंत पोहोचतात आणि इन्शुलिनचा स्राव वाढवतात. जीएलपी-१ आणखी दोन कामे करते. ते जठर हळू रिकामे होऊ देते आणि ग्लुकॅगॉन या साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाला आवरते. मात्र त्याचे आयुष्य फार थोडे. डीपीपी-४ नावाचे विकर त्याचे तुकडे करते, आणि दोनेक मिनिटांत रक्तातले निम्मे जीएलपी-१ निकामी होते.

बीटा पेशीच्या आत काय घडते ते जरा सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण या विषयाचे मर्म तिथे आहे. ग्लुकोज पेशीत शिरते, जळते आणि त्यातून एटीपी तयार होते. एटीपी वाढले की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारे बंद होतात, पेशीतला विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारे उघडतात आणि कॅल्शियम आत येते. कॅल्शियम आले की इन्शुलिनने भरलेल्या बारीक पिशव्या आवरणाला चिकटून बाहेर रित्या होतात. जीएलपी-१ आणि जीआयपी वेगळ्या वाटेने येतात. ती पेशीवरच्या आपापल्या रिसेप्टरला जोडली जातात आणि आत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढवतात. हा रेणू एकटा इन्शुलिन बाहेर काढू शकत नाही. कॅल्शियम आलेले असेल, तर तेवढ्याच कॅल्शियममध्ये तो जास्त पिशव्या रित्या करून घेतो. म्हणजे पहिला धक्का ग्लुकोजचाच लागतो, इन्क्रेटिन तो वाढवते. रक्तातली साखर नेहमीच्या उपाशीपोटीच्या पातळीला असेल तर जीएलपी-१ कितीही आले तरी इन्शुलिन फारसे वाढत नाही. जीएलपी-१च्या मार्गाने काम करणाऱ्या औषधांनी, ती एकटी घेतली असता, साखर धोकादायक खाली जाणे क्वचितच घडते, ते याच कारणाने. सल्फोनिलयुरिया वर्गातल्या जुन्या गोळ्या पोटॅशियमची दारे थेट बंद करतात, साखर असो वा नसो. म्हणून त्या घेऊन जेवण चुकले की माणूस घामाघूम होतो.

हा परिणाम नेमका किती, हे मोजण्याची पद्धत जर्मनीत मायकेल नाऊक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली टाइप टू मधुमेहासाठी वापरली. पहिल्या दिवशी माणसाला ५० ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला द्यायचे आणि तीन तास थोड्या थोड्या वेळाने साखर मोजून तिचा आलेख काढायचा. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला शिरेतून ग्लुकोज द्यायचे आणि त्याचा वेग असा कमी-जास्त करत राहायचे की साखरेचा आलेख तंतोतंत आदल्या दिवसासारखा उमटेल. आता बीटा पेशींना रक्तात दिसणारी साखर दोन्ही दिवशी सारखीच आहे. फरक एवढाच, की दुसऱ्या दिवशी आतडे गप्प आहे. समजा पहिल्या दिवशी एकूण १०० एकक इन्शुलिन मोजले गेले आणि दुसऱ्या दिवशी ३०, तर ७० एकक आतड्याच्या खात्यावर. इन्क्रेटिन परिणाम ७० टक्के. नाऊक यांच्या आठ निरोगी माणसांत तो ७३ टक्क्यांच्या आसपास निघाला. चौदा मधुमेही रुग्णांत तो ३६ टक्के होता.

दुसऱ्या दिवशी शिरेतून किती ग्लुकोज लागले, तेही बोलके असते. निरोगी माणसात ५० ग्रॅम प्यायल्यानंतरचा आलेख शिरेतून उमटवायला साधारण निम्मेच ग्लुकोज पुरते. प्यायलेल्यातला बाकीचा भाग जेवणानंतरचे इन्शुलिन, यकृत आणि आतडे मिळून परस्पर निपटून टाकतात. मधुमेही माणसात शिरेतून द्यावे लागणारे ग्लुकोज प्यायलेल्या ५० ग्रॅमच्या बरेच जवळ जाते. म्हणजे साखर तोंडावाटे गेल्याचा जो फायदा शरीराला मिळायचा, तो बराचसा गमावलेला असतो.

मग साहजिक वाटते की मधुमेह्यांच्या आतड्यातून संप्रेरकेच कमी येत असतील. पण रुग्णांमध्ये जीआयपीची पातळी बहुधा निरोगी माणसांइतकीच असते आणि जीएलपी-१मध्येही फार मोठी तूट दिसत नाही. १९९३ साली नाऊक यांनीच रुग्णांना ही दोन संप्रेरके शिरेतून देऊन पाहिली. जीआयपी दिले तर बीटा पेशी जवळपास ढिम्म राहिल्या. जीएलपी-१ भरपूर दिले तेव्हा मात्र इन्शुलिन चांगले आले. जीएलपी-१वर आधारलेल्या सगळ्या औषधांचा पाया या निरीक्षणात आहे. त्यातून हेही स्पष्ट झाले की आतड्याचा निरोप निघतो, पोहोचतोही. कमतरता आहे ती बीटा पेशीच्या प्रतिसादात.

आणि बीटा पेशीची ही अवस्था का होते, हे समजायला स्वादुपिंड सोडून स्नायूंकडे जावे लागते.

जेवणानंतर रक्तातल्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. इन्शुलिन स्नायूच्या पेशीवरच्या रिसेप्टरला जोडले गेले की आत एकामागून एक प्रथिने जागी होतात, आणि शेवटी ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आतून आवरणावर येतात. त्यांच्यातून ग्लुकोज आत शिरते आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवले जाते. येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने, स्नायूला सुईही न टोचता, ही साठवण मोजली. मधुमेह्यांत ती पुष्कळ मंद होती, आणि अडचण मुख्यतः ग्लुकोज आत शिरण्याच्या पायरीवरच होती. कारण शोधताना त्यांना स्नायूच्या पेशीत चरबी सापडली. चरबीचे थेंब स्वतः निरुपद्रवी असतात. पण चरबी बनताना मध्येच तयार होणारा डायअसिलग्लिसरॉल हा पदार्थ साचला की तो पीकेसी गटातली विकरे जागी करतो, आणि ती विकरे इन्शुलिनचा संदेश रिसेप्टरजवळच अडवतात, असे शुलमन यांच्या गटाचे म्हणणे आहे. काही संशोधक सिरॅमाइड या दुसऱ्या मेदपदार्थाला जास्त दोष देतात. दोघांचा गाभा एकच. चरबी चुकीच्या जागी साचली की इन्शुलिन येऊनही त्याचे ऐकले जात नाही.

याच गटाचे २००७ सालचे एक निरीक्षण मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी सडसडीत, तरुण, मधुमेह नसलेली माणसे निवडली. त्यांतल्या काहींच्या स्नायूंत इन्शुलिन प्रतिरोध होता, काहींच्या नव्हता. सगळ्यांना पिष्टमय पदार्थांनी भरलेली दोन जेवणे दिली. प्रतिरोध असलेल्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेनची साठवण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली. स्नायूंनी नाकारलेले ते ग्लुकोज यकृताकडे गेले, आणि यकृतात साखरेपासून नवी चरबी तयार होण्याचा वेग दुपटीहून जास्त झाला. रक्तातली साखर सर्वांची नॉर्मल होती. रिपोर्टमध्ये काही दिसले नसते. पण फॅटी लिव्हरची सुरुवात तिथे झालेली होती.

यकृतात चरबी साचली की इन्शुलिनचा दुसरा हुकूमही कमकुवत होतो. रात्री आपण झोपलेले असताना मेंदूला ग्लुकोज पुरवण्यासाठी यकृत ते तयार करून रक्तात सोडत असते. साठ किलोच्या माणसात तासाला साधारण सात ग्रॅम. इन्शुलिन या उत्पादनाला लगाम घालते. यकृत प्रतिरोधी झाले की लगाम सैल पडतो. ‘रात्री आठनंतर पाण्याशिवाय काही घेतले नाही, तरी सकाळची फास्टिंग १४० कशी?’ हा प्रश्न डॉक्टरांना रोज ऐकावा लागतो. ती साखर रात्रीच्या जेवणातली नसते, यकृताने पहाटेपर्यंत बनवलेली असते. चमत्कारिक गोष्ट ही की हेच यकृत इन्शुलिनचे ‘चरबी बनव’ हे म्हणणे मात्र ऐकत राहते. इन्शुलिन जितके चढते तितकी चरबी वाढते, आणि चरबी वाढली की प्रतिरोध वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही.

चरबी मुळात स्नायू आणि यकृतात का येते? तिची खरी जागा त्वचेखाली आहे. ती कोठी भरली की माल घरात मिळेल तिथे रचावा लागतो. कोठी किती मोठी, हे माणसागणिक वेगळे असते, आणि आपल्याकडे ती अनेकांची लहान आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः मांस आणि आतले अवयव. चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छायाचित्रासह छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाला चाळिशीत मधुमेह का गाठतो, याचे एक मोठे कारण या दोन आकड्यांत आहे.

आता पुन्हा स्वादुपिंडाकडे. प्रतिरोध आला म्हणजे मधुमेह आला, असे नाही. बीटा पेशी दुप्पट-तिप्पट इन्शुलिन सोडून साखर कित्येक वर्षे नॉर्मल ठेवू शकतात. बहुसंख्य स्थूल माणसांना मधुमेह होत नाही, कारण त्यांच्या बीटा पेशी हे ओझे पेलतात. ज्यांच्या पेलू शकत नाहीत, त्यांची साखर चढते. त्यांच्यात सर्वांत आधी ढासळते ते जेवणानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतले झटपट इन्शुलिन, आणि नेमके तेच इन्क्रेटिनवर फार अवलंबून असते. म्हणून फास्टिंग ठीक आणि ‘पीपी’ चढलेली, असा रिपोर्ट अनेकांना सुरुवातीला मिळतो.

इन्क्रेटिन परिणाम आधी बिघडतो आणि त्यामुळे मधुमेह होतो, की मधुमेहाकडे जाताना तो बिघडतो? यावर डेन्मार्कमधल्या संशोधकांनी फार सुंदर उत्तरे शोधली. त्यांनी स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाचे रुग्ण घेतले. त्यांतल्या काहींना त्या दाहामुळेच मधुमेह झाला होता, म्हणजे टाइप टूची आनुवंशिकता नसताना. ज्यांना मधुमेह होता त्यांच्यात इन्क्रेटिन परिणाम घटलेला होता. दाह असूनही ज्यांची साखर नॉर्मल होती त्यांच्यात तो शाबूत होता. म्हणजे तो बिघाड बहुतांशी मधुमेही अवस्थेतूनच येतो.

२०१० सालचा दुसरा प्रयोग आपल्या धाग्याच्या अगदी जवळचा आहे. घरात मधुमेह नसलेल्या दहा निरोगी पुरुषांना १२ दिवस जास्त उष्मांकांचा आहार दिला, हालचाल कमी करायला लावली आणि रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले, जेणेकरून त्यांच्यात मुद्दाम इन्शुलिन प्रतिरोध निर्माण व्हावा. आधी त्यांचा इन्क्रेटिन परिणाम सत्तरीच्या घरात होता, बारा दिवसांनी तो चाळिशीच्या घरात आला. आतड्यातून येणारी संप्रेरके कमी झालेली नव्हती. एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: स्टेरॉइड बीटा पेशींवर थेटही परिणाम करते, त्यामुळे सारा दोष प्रतिरोधावर टाकता येत नाही. तरी निरोगी माणसात इतक्या थोड्या दिवसांत हे घडू शकते, एवढे सिद्ध झाले. बीटा पेशी आधीच कमाल क्षमतेने काम करत असतील तर आतड्याच्या निरोपाला देण्यासाठी तिच्याकडे शिल्लक फारशी उरत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

हे उलटही फिरते का? डॅनिश गटाने वर्षभर आधीच ते तपासले होते. टाइप टूच्या रुग्णांची साखर त्यांनी चार आठवडे इन्शुलिनची इंजेक्शने देऊन जवळपास नॉर्मल ठेवली, आणि मग जीएलपी-१ व जीआयपी दोन्ही देऊन पाहिली. बीटा पेशींचा प्रतिसाद तीन-चार पटींनी वाढला होता. जीआयपीला ढिम्म राहणाऱ्या पेशी पुन्हा बोलू लागल्या होत्या. तिर्झेपाटाइड हे औषध जीएलपी-१बरोबर जीआयपीच्या रिसेप्टरलाही उद्देशून बनवलेले आहे. १९९३च्या निरीक्षणावरून पाहता जीआयपीचा काही उपयोग होऊ नये असे वाटते. पण साखर आणि वजन उतरू लागले की जीआयपीला प्रतिसाद परतत असावा, हे एक पटणारे स्पष्टीकरण आहे.

किती परततो, हे मात्र वेळेवर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी ग्लासगोच्या माइक लीन यांच्यासह केलेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांच्या आहारावर ठेवले. वर्षाअखेर त्यांतले ४६ टक्के गोळ्यांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. वजन घटलेल्या रुग्णांच्या यकृतातली चरबी उतरली, मग त्यांचा मधुमेह मागे हटलेला असो वा नसो. यकृताच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच सुधारले. वेगळे झाले ते बीटा पेशींपाशी: एका गटात ग्लुकोज मिळताच येणारे पहिले झटपट इन्शुलिन परतले, दुसऱ्या गटात परतले नाही. दुसऱ्या गटातल्या रुग्णांना मधुमेह होऊन सरासरी वर्षभर जास्त झाले होते.